घरी पत्र लिहायचंय? आधी आकडा पूर्ण कर

आमच्या खान्देशात नुसतं ‘आकडा’ म्हटलं की लोकांना मटकाच आठवतो. हा लेख दुसऱ्या आकड्याबद्दल आहे, जो तू अजून एका कागदावर पूर्ण लिहिलेला नाहीस. तीन पत्ती, रमी, आयपीएलचा सट्टा, ‘आयडी’वरचा खेळ, काहीही असो. पैसे गेले, उसनवारी झाली आणि आता आईबापाला सांगितल्याशिवाय सुटका नाही, अशा ठिकाणी तू आला असशील तर पुढे वाच.

मी स्वतः असं पत्र दोनदा लिहिलं. पहिलं 2021 च्या दिवाळीत. त्यात कर्ज दीड लाख लिहिलं, खरं दुपटीच्या आसपास होतं. वाटलं, एवढंच सांगू, बाकी आपण हळूहळू फेडू. आबांनी कापसाच्या पैशातून दीड लाख माझ्या खात्यात टाकले. त्यातले एक लाख दहा हजार मी खरोखर फेडले. उरलेले चाळीस हजार ‘लपवलेलं कर्ज एकदाच निघून जाईल’ म्हणून पुन्हा लावले. तेही गेले. दुसरं पत्र फेब्रुवारी 2023 मध्ये लिहिलं. त्यात आकडा 3,90,000 होता आणि तो पूर्ण होता. आता सांगतोय ते त्या दुसऱ्या पत्राबद्दल.

लेखणी उचलायच्या आधी

पहिलं काम पत्राचं नाही, हिशेबाचं. एक रविवार घे, खोलीचं दार लाव आणि कोऱ्या पानावर प्रत्येक देणं लिही. आठवणीवर विसंबू नकोस, कारण जुगार खेळणाऱ्याची आठवण स्वतःच्या बाजूनेच चुकते. कर्जाची नोंद ठेवणाऱ्या प्रत्येक क्रेडिट ब्युरोने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो, तसा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सिबिल हे त्यातलं ओळखीचं नाव. तो अहवाल काढ. मी काढला तेव्हा एका ॲपचं कर्ज मी पार विसरलो होतो, ते तिथे दिसलं. मग बँकेचे मेसेज बघ, यूपीआयचा इतिहास बघ, व्हॉट्सॲपवर ‘भाऊ, कधी देतोस’ असं कोणी कोणी विचारलंय ते बघ.

माझं पान असं झालं. बँकेचं पर्सनल लोन 1,40,000, हप्ता 6,200. तीन लोन ॲप मिळून 62,000. गावातला व्याजाने पैसे देणारा, मुद्दल 60,000, महिन्याला शेकडा दहा. पाच मित्रांचे हातउसने 34,000. बुकीची उधारी 42,000. आणि आईची एकदाणी, जी मी कपाटातून काढून पतसंस्थेत तारण ठेवली होती, तिच्यावर 52,000.

शेवटची ओळ लिहायला मला तासभर लागला. आईला वाटत होतं की एकदाणी डबीत आहे. अशी एखादी ओळ तुझ्याकडेही असेल, वस्तू असो की कोणाच्या नावाने घेतलेले पैसे असोत. पहिल्या पत्रातून मी नेमकी तीच गाळली होती.

याच पानावर आणखी एक गोष्ट लिही, जी पैशाची नाही. कोणाकडे तुझी सही केलेला कोरा चेक आहे? कोणाला कोऱ्या स्टँप पेपरवर सही दिलीस? माझे दोन चेक त्या व्याजवाल्याकडे होते. रक्कम घरच्यांना सांगितली पण चेकचं सांगितलं नाही, तर घरचे पैसे भरतात आणि चेक तिकडेच राहतो. उद्या त्याच्यावर वाटेल तो आकडा टाकून तो बँकेत जातो, चेक परत येतो आणि वकिलाची नोटीस घरी येते.

कोणतं देणं कसलं, ते वेगळं कर

घरचे घाबरले की सगळ्यांचं सगळं ताबडतोब देऊन मोकळं व्हायला बघतात. ‘गावात तोंड दाखवायला जागा नको का?’ म्हणून. तसं करायची गरज नसते, आणि हे तूच पत्रात लिहिलं तर त्यांचे पैसे वाचतील.

बुकीचं देणं कायद्यात देणंच नाही. 1872 च्या करार कायद्याचं कलम 30 सांगतं की पैजेचा करार रद्द असतो, त्यातून जिंकलेल्या रकमेसाठी कोर्टात दावा करता येत नाही. बुकी दारात येऊन बसेल, शिव्या देईल, ते वेगळं. धमकी दिली तर पोलिसात तक्रार होते. पण ‘तुमच्या पोराने सही केलीय, कोर्टात खेचतो’ हे त्याचं बोलणं पोकळ असतं. माझे 42,000 आम्ही दिले नाहीत. तीन वेळा माणूस आला. चौथ्यांदा आला नाही.

व्याजाने देणाऱ्याचं वेगळं. महाराष्ट्रात 2014 च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवाना नसताना व्याजाचा धंदा करणं गुन्हा आहे, त्याला कैदेची शिक्षा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे, म्हणजे सहकारी संस्थांच्या कार्यालयात करता येते. पण गाव छोटं असतं. त्या माणसाचं शेत आपल्या बांधाला लागून असतं, लग्नकार्यात समोर बसतो. तक्रार करायची की मुद्दल देऊन मिटवायचं, हे आईबापाला ठरवू दे. तू फक्त त्याला परवाना आहे की नाही, एवढं आधी शोधून पत्रात लिही.

लोन ॲपमध्येही दोन जाती असतात. ज्याच्या मागे रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली वित्तसंस्था आहे, त्याचे पैसे द्यावेच लागतात. मात्र त्यांच्या वसुलीवाल्याने सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही, नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही, असा नियम आहे. दुसरी जात नोंदच नसलेल्यांची. माझ्या तीनपैकी एक तसं निघालं. दिलेले 9,000, मागत होते 24,000, आणि माझा फोटो जोडतोड करून सगळ्यांना पाठवायची धमकी. तिथे पैसे भरले की भूक वाढते. स्क्रीनशॉट जपून ठेव, 1930 वर फोन कर, नाहीतर cybercrime.gov.in वर तक्रार टाक.

मित्रांचे 34,000 मात्र शंभर टक्के द्यायचे. त्याला कायदा विचारू नकोस.

पत्र मोबाईलवर नको

व्हॉट्सॲपवर लिहिलेलं पत्र सहज पुढे जातं. आई घाबरून मामाला पाठवेल, मामा मामीला दाखवेल, आणि उद्या चोपड्यापासून शहाद्यापर्यंत सगळ्या भाऊबंदकीत तुझीच चर्चा. कागदावर लिही, मोठ्या अक्षरात. आबांचं शिक्षण सातवीपर्यंत, चष्मा कधी सापडतो कधी नाही, म्हणून मी एका ओळीआड एक लिहिलं होतं. दोन पानं पुरतात. एक पत्राचं, एक हिशेबाचं.

वेळ बघ. आमच्याकडे शेतकऱ्याच्या घरात पैसा ठराविक काळात येतो आणि ठराविक काळात जातो. जूनमध्ये बियाणं आणि खत, मार्चअखेर सोसायटीचं पीक कर्ज भरायचं. पेरणीच्या आदल्या आठवड्यात पत्र दिलंस तर बाप बियाण्याचे पैसे उचलून तुझ्या हातात ठेवेल. आखाजीच्या आसपासही नको. माहेरवाशिणी आलेल्या असतात, घर भरलेलं असतं, आणि त्याच दिवसांत पारावर पत्त्यांचा डाव बसलेला असतो. मी शनिवारी संध्याकाळी जळगावहून गावी गेलो, जेवणं झाल्यावर आबांच्या हातात पत्र दिलं आणि म्हणालो, ‘तुम्ही दोघं वाचा, मी ओट्यावर बसतो.’ पत्र ठेवून पळून जाऊ नकोस. पोरगा गेला आणि मागे चिठ्ठी ठेवली, याचा घरचे काय अर्थ लावतील ते तुझ्या लक्षात येईल.

इथे एक थांबा आहे. हे वाचताना तुझ्या डोक्यात जीव द्यायचा विचार येत असेल, तर पत्र राहू दे. आधी 14416 या टेली मानस नंबरवर बोल, चोवीस तास असतात, मराठीत बोलता येतं. किंवा आत्ता शेजारी जो माणूस आहे त्याला सांग. आणि घरातलं फवारणीचं औषध दुसऱ्या कोणाच्या तरी ताब्यात, कुलपात जाऊ दे. हे कर्जाआधी.

पत्राची पहिली चार वाक्यं

जुन्या पद्धतीने ‘साष्टांग नमस्कार, वि. वि.’ करत अर्धं पान घालवू नकोस. पत्र हातात पडताच आईच्या मनात तीन गोष्टी येतात: आजार, पोरगी किंवा पोलीस. म्हणून आधी सुखरूप असल्याचं सांग, आणि लगेच पुढच्याच वाक्यात खरं सांग. माझी सुरुवात अशी होती:

*ती. आबा आणि आईस,*
*साष्टांग नमस्कार. माझी तब्येत चांगली आहे, नोकरी चालू आहे. मी मोबाईलवर जुगार खेळलो आणि त्यात कर्ज झालं आहे. कर्ज एकूण 3,90,000 रुपये आहे. दिवाळीच्या पत्रात मी दीड लाख लिहिलं होतं, ते खोटं होतं.*

‘थोडं कर्ज झालंय’, ‘अडचणीत आहे’ असले शब्द नकोत. रक्कम आकड्यात लिही. ती पहिल्या परिच्छेदात आली की वाचणाऱ्याला पुढचं पान उलटायची भीती राहत नाही.

मग कसं झालं ते, पण पाच ओळींत. मित्राने शिकवलं, कंपनीतल्या पोराने आयडी दिला, हे खरं असेलही. लिहिलंस की आईला दोष द्यायला माणूस मिळतो आणि तुझी सुटका होते, म्हणून गाळ. मी एवढंच लिहिलं: *2020 मध्ये लॉकडाऊनला सुरू केलं. सुरुवातीला एका आठवड्यात अकरा हजार जिंकलो. नंतर हरलेले पैसे परत आणण्यासाठी खेळत राहिलो.* ‘परत आणण्यासाठी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मानसोपचाराचे डॉक्टर जुगाराच्या आजाराची जी लक्षणं बघतात त्यात हेच एक असतं, हरलेलं भरून काढायला पुन्हा खेळणं. किती खेळलो हे लपवायला खोटं बोलणं हेही एक. आणि तिसरं ऐकून मी हादरलो होतो: जुगाराने आलेली तंगी भागवायला दुसऱ्यांकडून पैसे घेणं. म्हणजे माझं पहिलं पत्र हे आजाराचंच लक्षण होतं.

मग खोट्या गोष्टी, एकेक करून. *मागच्या वर्षी मोबाईल बिघडला म्हणून 15,000 घेतले, तो बिघडला नव्हता. ताईकडून परीक्षेच्या फीचे म्हणून 8,000 घेतले, फी नव्हती. आई, तुझी एकदाणी डबीत नाही. ती पतसंस्थेत आहे, पावती या पत्राला जोडली आहे.* (घरचे पैसे मी 3,90,000 मध्ये धरलेले नाहीत, ते वेगळ्या ओळीत होते.) क्षमा मागायची ती एकदाच. पाच वेळा ‘मला माफ करा’ वाचून आई रडते, आणि रडणाऱ्या माणसाकडून हिशेब होत नाही.

एक ओळ धोक्याची सूचना म्हणून टाक. *माझ्या फोनमधले नंबर ॲपवाल्यांकडे आहेत. मामांना किंवा काकांना फोन येऊ शकतो. आला तर पैसे देऊ नका, नंबर लिहून ठेवा.* फोन येण्याआधी हे सांगितलेलं असलं तर तो ॲपवाल्याचा उरतो. नंतर सांगितलंस तर ते तुझं आणखी एक खोटं ठरतं.

मागायचं काय

इथेच बहुतेकांचं पत्र बिघडतं. ‘मला चार लाख द्या, शेवटची वेळ, पुन्हा हात लावणार नाही.’ हे लिहू नकोस. आईबाप देतील, शेत गहाण ठेवून देतील. पण पैसा तुझ्या खात्यात येईल आणि तू रात्री दीड वाजता मोबाईल हातात घेऊन एकटा असशील. मी होतो.

दुसऱ्या पत्रात मी पैसे हातात मागितले नाहीत. मागितलं ते असं: *माझा पगार 21,000 आहे. 7 तारखेला जमा होतो. त्याच दिवशी मी 13,500 आबांच्या खात्यात पाठवीन. खोली आणि डबा धरून मला महिन्याला 7,500 पुरतात. माझं एटीएम कार्ड ताईकडे राहू द्या. माझ्या फोनवरून यूपीआय काढून टाकतो, साधा फोन वापरतो. जे देणं फेडायचं ते आबांनी स्वतः, त्या माणसाच्या हातात, पावती घेऊन द्यावं. माझ्याबरोबर एकदा सिव्हिलला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे या.* जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. ओपीडीला केसपेपर काढून दाखवता येतं.

आणखी एक मागणं होतं, जे लिहायला लाज वाटली. *आखाजीला आपल्या ओट्यावर पत्ते बसवू नका.* आबा दर आखाजीला बसतात, पाच-पाच रुपयांचा डाव, त्यात त्यांना जुगार दिसत नाही. माझ्यासाठी मात्र तो आवाजसुद्धा पुरेसा आहे.

हिशेबाचं पान चाललं कसं

आता पगाराचं गणित बघ. 21,000 मधून खर्चाचे 7,500 आणि बँकेचा हप्ता 6,200 गेला की 7,300 उरतात. व्याजवाल्याचं महिन्याचं व्याज 6,000. म्हणजे हातात 1,300, आणि मुद्दल जिथल्या तिथे. असं दहा वर्षं चाललं असतं. म्हणून आबांकडे एकच मदत मागितली: व्याजवाल्याचे साठ हजार मुद्दल. त्या वर्षी कापसाला भाव येईल म्हणून आमच्याकडे, सगळ्यांसारखाच, घरात कापूस भरून ठेवलेला होता. त्यातला काही विकला. आबा सरपंचाला घेऊन गेले, पैसे दिले, ‘काही बाकी नाही’ असं लिहून घेतलं, दोन्ही चेक परत घेतले आणि तिथेच फाडले.

मग उरलं: नोंदणी असलेल्या दोन ॲपचे 38,000, मित्रांचे 34,000, एकदाणीवरचे 52,000. बेरीज 1,24,000. महिन्याला 7,300 प्रमाणे सतरा महिने, व्याज धरून वीस झाले. आईसाठी आधी एकदाणी सोडवावी असं आबांचं म्हणणं होतं. पण ॲपचं व्याज जास्त, म्हणून ते आधी. पतसंस्थेत फक्त व्याज भरत राहिलो, म्हणजे लिलावाची नोटीस येऊ नये. मित्रांना मी स्वतः फोन करून तारखा दिल्या. पाचांपैकी एकाने फोन ठेवला, आजही बोलत नाही.

पोलिसांची भीती वाटत असेल तर एक सांगतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा ऑगस्ट 2025 मध्ये संसदेत मंजूर झाला. मी पत्र लिहिलं तेव्हा तो नव्हता. त्यातली शिक्षा खेळ चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैशाचा व्यवहार करून देणाऱ्याला आहे. ॲपवर खेळून हरलेल्याला त्या कायद्यात शिक्षा नाही. अड्ड्यावर बसून खेळणाऱ्याला मात्र जुना जुगारबंदीचा कायदा लागू आहे.

वाचून झाल्यावर

आबा बोलले नाहीत. उठून गोठ्यात गेले, बराच वेळ आले नाहीत. आईने विचारलं, ‘इतलंच शे का?’

हा प्रश्न तुलाही येणार. पहिल्या वेळी मी ‘हो’ म्हणालो होतो. दुसऱ्या वेळी मी तिच्यासमोर हिशेबाचं पान, सिबिलचा अहवाल आणि बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट ठेवलं. ताईला बोलावलं. तिने दोन तास बसून प्रत्येक रक्कम स्टेटमेंटशी ताडून पाहिली. एक 2,200 ची ओळ जुळेना. ती मी मार्केटमध्ये बूट घेतल्याची होती, बिल सापडलं. तिने पेन्सिलने बरोबरची खूण केली आणि पुढची ओळ घेतली.